एका केमिस्टचा फुल अँड फायनल: ओळ ओळ तपासताना

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी एचआर आणि पेरोल सांभाळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या लॅबमधला एक केमिस्ट नोकरी सोडून गेला. त्याच्या फुल अँड फायनलचा, म्हणजे जाताना करायच्या शेवटच्या हिशोबाचा पहिला मसुदा सिस्टीममधून निघाला तेव्हा तळाशी देय रक्कम होती १९,४४१ रुपये २७ पैसे. महिना अर्धाच भरलेला, नोटीस अपुरी, थोडी उचल बाकी, थोडी रजा शिल्लक. अशा माणसाच्या हातात वीसेक हजार पडणार, यात कुणालाही वावगं दिसलं नसतं. पण त्या कागदावर सहा गोष्टी चुकलेल्या होत्या. काहींनी त्याला जास्त दिलं होतं, काहींनी त्याचं कापलं होतं, आणि एकमेकांत मिटून सगळं मिळून खऱ्या रकमेपासून जेमतेम दीड हजार दूर राहिलं होतं. तळाची रक्कम पाहून सही करणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं. म्हणून हा हिशोब इथे उलगडून सांगते.

माणूस जुलै २०२० मध्ये लागलेला. ग्रॉस पगार ४८,००० रुपये, त्यात बेसिक २४,०००. पाच वर्षं झाली नव्हती, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा प्रश्न नव्हता. गणेश चवथीच्या आठवड्यात, सोमवारी २ सप्टेंबरला त्याने मेलवर राजीनामा दिला. नेमणूकपत्राप्रमाणे नोटीस ६० दिवसांची, आणि ती राजीनामा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायची. म्हणजे ३ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर. नव्या कंपनीत त्याला सोमवारी २१ ऑक्टोबरला हजर व्हायचं होतं. प्लांट हेडनी त्याला शुक्रवारी १८ ऑक्टोबरला सोडायला मान्यता दिली, पण उरलेल्या नोटिशीचे पैसे माफ करणार नाही असं स्पष्ट लिहून. १९ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, कमी पडलेले दिवस १४.

इथे पहिलं काम नेमणूकपत्र काढून वाचण्याचं. नोटिशीचा दिवस कशावर धरायचा, बेसिकवर की ग्रॉसवर, आणि भागायचं ३० ने की २६ ने, हे कायद्यात शोधून उपयोग नाही. ते कराराच्या शब्दांत असतं. त्याच्या पत्रात ‘ग्रॉस मासिक वेतन, भागिले ३०’ असं होतं. दिवसाचे १,६०० रुपये, १४ दिवसांचे २२,४००. बेसिक लिहिलेलं असतं तर हेच ११,२०० झाले असते. एकाच कंपनीत वेगवेगळ्या वर्षी दिलेल्या पत्रांत हे शब्द वेगळे असू शकतात, त्यामुळे शेजारच्या टेबलवरच्या माणसाचा जुना हिशोब पाहून आकडा टाकणं धोक्याचं. आमच्या मसुद्यात ही ओळ बरोबर होती.

चूक होती रजेच्या ओळीत, आणि तीही तीन पदरी.

आधी दिवस. सिस्टीममध्ये त्याची अर्जित रजा १५ दिवस शिल्लक दिसत होती. मागच्या वर्षाचे ७ पुढे आणलेले, या वर्षाचे १८ जानेवारीतच जमा केलेले, आणि चवथीसकट १० घेतलेले. पण वर्षाची १८ दिवस रजा वर्षभर काम करणाऱ्याची. आमच्या धोरणात महिन्याला दीड दिवस, आणि ज्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस नोकरी झाली तो महिना पूर्ण धरायचा. ऑक्टोबरचे १८ दिवस भरले म्हणून दहा महिने, म्हणजे १५ दिवस. ७ अधिक १५ वजा १०, उरले १२. जिथे रजा महिन्या-महिन्याला जमा होते तिथे ही अडचण येत नाही. जिथे वर्षाच्या सुरुवातीला एकदम टाकली जाते, तिथे माणूस मध्येच गेला तर Leave Allocation ही रजा जमा केल्याची नोंद उघडून आकडा हाताने खाली आणावा लागतो, कारण सिस्टीमला Relieving Date, म्हणजे सुटण्याची तारीख माहीत असली तरी रजेचं खातं ती आपण होऊन कमी करत नाही. मी १८ चे १५ केले आणि कारण शेऱ्यात लिहिलं.

मग दर. आमच्याकडे पेरोलसाठी ERPNext हे सॉफ्टवेअर आहे. तिथे रजेच्या पैशांचा दर Salary Structure, म्हणजे पगार रचनेतल्या Leave Encashment Amount Per Day या रकान्यातून येतो. तिथे सूत्र नसतं, टाइप केलेला आकडा असतो. त्याच्या श्रेणीला तिथे बेसिक भागिले २६ चा आकडा होता, दिवसाला साधारण ९२३ रुपये. ही रचना मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या साच्यावरून उतरवलेली, आणि तिथे सगळे कर्मचारी ऑफिसात बसणारे. आमचा केमिस्ट कारखान्यात काम करणारा, आणि त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ८० रजेच्या दिवसाची मजुरी कशी काढायची ते सांगत होतं: आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या पूर्ण वेळेच्या एकूण कमाईची दैनिक सरासरी. ओव्हरटाइम आणि बोनस वगळायचा, महागाई भत्ता धरायचा. फक्त बेसिक असं तिथे कुठेही नव्हतं.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला, कारण एकाच कागदावर कंपनी त्याच्याकडून दिवसाचे १,६०० घेत होती आणि त्याला दिवसाचे ९२३ देत होती. घेताना करार दाखवायचा आणि देताना दुसऱ्या ऑफिसचा साचा, हे बरोबर नाही. मी प्लांट हेड आणि अकाउंट्सच्या साहेबांसमोर कलम ठेवलं. साहेबांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता, “आजवर सगळ्यांना बेसिकवरच दिले ना, मॅडम?” मी म्हटलं, “दिले असतील, पण तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टरने रजा रजिस्टर मागितलं तर आपल्याला कलम दाखवता यायला हवं, साचा नाही.” दर ४८,००० भागिले २६ असा ठरला, १,८४६ रुपये १५ पैसे. काटेकोर सरासरी काढली तर सप्टेंबरमधले त्याचे कामाचे दिवस वेगळे मोजावे लागतात. २६ हा आमच्या कारखान्यातला रोजचा भागाकार असल्याने सगळ्यांना तोच लावायचं ठरलं. १२ दिवसांचे झाले २२,१५३ रुपये ८५ पैसे.

तिसरा पदर सगळ्यात फसवा. मसुद्यात रजेचे पैसे दोनदा आले होते.

ते असं होतं. Leave Encashment ची, म्हणजे रजेच्या पैशांची नोंद सबमिट केली की सिस्टीम त्यातून आपोआप एक Additional Salary तयार करते. त्या तारखेचा महिना ज्या Salary Slip मध्ये येतो, त्या स्लिपमध्ये ती रक्कम उत्पन्न म्हणून जाऊन बसते. त्यानंतर Full and Final Statement, म्हणजे शेवटच्या हिशोबाचं निवेदन उघडून कर्मचारी निवडला, की देण्यांच्या तक्त्यात Salary Slip ची एक ओळ आणि Leave Encashment ची एक ओळ, अशा दोन्ही तयार येतात. Salary Slip च्या ओळीत स्लिपची निव्वळ रक्कम येते, जिच्यात रजेचे पैसे आधीच आहेत. Leave Encashment च्या ओळीत तेच पैसे पुन्हा. दोन्ही ओळींना आपापला संदर्भ दस्तऐवज आहे, दोन्ही नीट दिसतात. पडद्यावर लाल काही येत नाही. आमच्या मसुद्यात १३,८४६ रुपये १५ पैसे असे दुसऱ्यांदा मोजले गेले होते.

हे ओळखायची खूण एकच: Full and Final Statement मधली Salary Slip ची ओळ पाहून थांबायचं नाही, ती स्लिप उघडून आत उत्पन्नाच्या रकान्यात रजेचा घटक आहे का ते पाहायचं. असेल तर निवेदनातली Leave Encashment ची ओळ काढून टाकायची. उलट मार्गही आहे, स्लिपमधून घटक काढून फक्त निवेदनात ठेवायचा. पण मी स्लिपमध्येच ठेवते. रजेचे पैसे पगाराच्या नोंदीत राहिले की वर्षअखेरीस फॉर्म १६ मध्ये आपोआप येतात. नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशांवर खासगी कर्मचाऱ्याला आयकरात जी सूट आहे, जिची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली, ती दाखवायलाही तो घटक वेगळा दिसणं सोयीचं. त्याचं उत्पन्न नव्या करपद्धतीच्या रिबेटमध्येच बसत होतं, त्यामुळे कर कापायचा नव्हता. पीएफही या रकमेवर लागत नाही. रजेचे पैसे बेसिक वेतनात मोडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगून ठेवलं आहे.

वसुलीत हाच घोळ उलट्या दिशेने झाला होता. चवथीसाठी त्याने १०,००० उचल घेतली होती, महिना २,००० हप्ता. हप्ते असल्याने ती सिस्टीममध्ये Loan म्हणून ठेवलेली. सप्टेंबरचा हप्ता गेला, बाकी ८,०००. ऑक्टोबरच्या स्लिपमध्ये पुढचा २,००० चा हप्ता कापला होता, पण स्लिप अजून मसुदाच होती, सबमिट झालेली नव्हती. त्यामुळे कर्जाच्या नोंदीवर बाकी ८,००० च दिसत होती आणि निवेदनाने तेवढेच उचलले. स्लिपमध्ये २,००० आणि निवेदनात ८,०००, मिळून त्याच्याकडून १०,००० घेतले जात होते. यावर उपाय क्रमाचा आहे. आधी शेवटची स्लिप पूर्ण करून सबमिट करायची, मगच Full and Final Statement तयार करायचं. तसं केलं की बाकी आपोआप ६,००० येते. निवेदन आधी तयार करून ठेवलं असेल तर ते पुसून नव्याने काढणं बरं. जुन्या ओळींत आकडे हाताने दुरुस्त करत बसलं की एखादा निसटतोच.

स्लिपमध्ये आणखी एक २०० रुपयांची कपात होती, व्यवसाय कर. हीसुद्धा मुंबईच्या साच्याबरोबर आलेली. महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे, गोव्यात नाही. आमच्या नेहमीच्या पगारात तो घटक बंद केलेला असतो. पण शेवटची स्लिप एकट्याची वेगळी काढताना त्याला मूळ साच्याची रचना लागली आणि कपात परत जागी झाली. रक्कम लहान आहे, पण गोव्यातल्या कामगाराच्या पगारातून महाराष्ट्राचा कर कापण्याला कसलाच आधार नाही, आणि कापला तरी भरायचा कुठे?

शेवटची चुकीची ओळ स्टोअर्सकडून आली होती: सेफ्टी शूज परत केले नाहीत, १,८५० रुपये. ना-हरकत पत्रकावर स्टोअर्सने लिहिलं आणि ते वसुलीत चढलं. फॅक्टरी कायद्याचं कलम ११४ म्हणत होतं की या कायद्याखाली मालकाने जी साधनं पुरवायची, त्यांबद्दल कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत. वर्षभर घालून झिजलेले बूट कुणी दुसऱ्याला देणारही नव्हतं. स्टोअर्सचे गृहस्थ थोडे नाराज झाले, “मग माझ्या रजिस्टरला काय दाखवू?” मी त्यांना ‘वापरून बाद’ अशी नोंद करायला सांगितली. लॅपटॉप, लॉकरची किल्ली आणि ओळखपत्र त्याने दिलं होतं, तेवढं पुरेसं होतं. परत न दिलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत वसुलीत चढवायची नसते. कंपनीची मालमत्ता कुठली आणि कायद्याने पुरवलेलं साधन कुठलं, हे आधी पाहावं लागतं.

अकाउंट्समध्ये एकजण म्हणाला की नोटीस वसुली म्हणजे कंपनीने त्याला लवकर सोडण्याची सेवा दिली, तर २२,४०० वर १८ टक्के जीएसटी लावायला हवा. ४,०३२ रुपये आणखी. एकेकाळी असा वाद खरंच होता. पण ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८/१०/२०२२ क्रमांकाच्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं आहे की नोटीस न भरता जाणाऱ्याकडून घेतलेली रक्कम ही सेवेचा मोबदला नाही, करार मोडल्याची भरपाई आहे, आणि तिच्यावर जीएसटी लागत नाही. परिपत्रकाची प्रत मी त्या फाइलीला लावून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी वाद नको.

शेवटच्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. त्याच्या मनात एक साधा हिशोब होता. “मॅडम, माझी बारा दिवस रजा आहे आणि नोटीस चौदा दिवस कमी पडते. मग रजाच नोटिशीत धरा ना. उरलेल्या दोन दिवसांचे तेवढे कापा.”

मी त्याला खुर्ची दिली आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून दाखवले. रजा नोटिशीत धरली तर त्याचे १२ दिवसांचे २२,१५३ जाणार, आणि वाचणार १२ दिवसांची नोटीस, म्हणजे १९,२००. तोटा त्यालाच, कारण त्याच्या रजेचा दिवस आता नोटिशीच्या दिवसापेक्षा महाग होता. जुना ९२३ चा दर राहिला असता तर त्याची मागणी त्याच्या फायद्याची ठरली असती. दर बदलला की सल्लाही बदलतो. फॅक्टरी कायद्यातही याची एक बाजू होती: कलम ७९ प्रमाणे कामावरून काढताना द्यायच्या नोटिशीत कामगाराची न घेतलेली रजा मोजता येत नव्हती. राजीनाम्याबद्दल तसं काही लिहिलेलं नव्हतं, तिथे दोघांच्या संमतीवर चालायचं. संमती द्यायची की नाही हे त्याने आकडे पाहून ठरवावं एवढंच माझं म्हणणं होतं.

मग मी त्याला विचारलं, “नवी कंपनी तुझे नोटिशीचे पैसे भरून देणार आहे का?” तो म्हणाला, “हो, ऑफर लेटरमध्ये आहे तसं. पण त्यांना तुमच्याकडचा कागद लागतो.” इथेच गोष्ट मिटली. रजा नोटिशीत मुरवली असती तर कागदावर वसुली दिसली असती दोन दिवसांची, आणि नव्या कंपनीने तेवढेच भरले असते. वेगळी ओळ ठेवली तर ‘नोटीस वसुली, १४ दिवस, २२,४०० रुपये’ असं स्पष्ट दिसणार होतं. तो कागद पाहत राहिला आणि म्हणाला, “मग वेगळंच राहू दे.”

अंतिम हिशोब असा झाला. ऑक्टोबरच्या ३१ पैकी १८ दिवसांचा पगार २७,८७० रुपये ९७ पैसे, त्यात रजेचे २२,१५३.८५ मिळवले, पीएफचे १,६७२ आणि हप्त्याचे २,००० गेले. Salary Slip ची निव्वळ रक्कम ४६,३५२ रुपये ८२ पैसे. निवेदनात घेण्याच्या बाजूला दोनच ओळी राहिल्या, नोटीस २२,४०० आणि उचलीची बाकी ६,०००. हातात पडले १७,९५२ रुपये ८२ पैसे.

सबमिट करण्याआधी सिस्टीम प्रत्येक ओळ Settled केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यानंतरच्या जर्नल नोंदीत देय पगाराच्या खात्याला ४६,३५२.८२ नावे, आणि जमेच्या बाजूला तीन: नोटीस वसुली २२,४००, कर्जाचं खातं ६,०००, बँक १७,९५२.८२. नोटीस वसुलीला स्वतंत्र खातं उघडून घेतलं. ती पगारखर्चातून वजा केली की पगाराच्या खर्चाचा आकडा कमी दिसतो आणि ऑडिटला कारण शोधत बसावं लागतं. Loan च्या नोंदीवर परतफेड वेगळी दाखवून बाकी शून्य केली. खतावणीत पैसे आले म्हणून कर्जाचा कागद आपोआप बंद होतो असं धरून चालू नये. तो उघडा राहिला तर गेलेल्या माणसाच्या नावावर हप्ते थकलेले दिसत राहतात.

पैसे सोमवारी २१ तारखेला त्याच्या खात्यात गेले. आमच्या कंपनीच्या धोरणात फुल अँड फायनलला ४५ दिवस लिहिलेले होते, पण रजेच्या पैशांना ती मुदत लावता येत नव्हती. फॅक्टरी कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे कामगाराने नोकरी सोडली तर रजेची मजुरी दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी द्यावी लागत होती. शुक्रवारी सुटलेला माणूस, शनिवार आमचा कामाचा, म्हणजे सोमवार हीच शेवटची तारीख. रजेचा दर आणि बाकी ठरवायचं काम मी त्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच हातात घेतलं होतं, म्हणून ते जमलं. शेवटच्या दिवशी स्टोअर्सच्या सहीसाठी धावत सुटलं असतं तर जमलं नसतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि आता वेतन संहितेचं कलम १७ राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायला सांगतं. त्यामुळे आमच्याकडे राजीनामा स्वीकारला की त्याच दिवशी Relieving Date भरली जाते, रजेचा आकडा हाताने तपासून गोठवला जातो आणि कर्जाचे पुढचे हप्ते पाहिले जातात. शेवटची स्लिप काढताना त्या माणसाला कोणती पगार रचना लागली आहे हे मी स्वतः उघडून पाहते. आणि पैसे गेले की ईपीएफओच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायची राहिली नाही ना, एवढं पाहून फाइल बंद करते. ती तारीख नसली तर नव्या कंपनीत त्याचा पीएफ वर्ग होताना अडतो, आणि मग त्याचा फोन आपल्यालाच येतो.